ठकूचं ‘झालं’

दारावर ‘वाचा-उपचार विभाग’ अशी पाटी होती. निम्मे लोक पहिल्याच शब्दापाशी अडखळायचे आणि आत डोकावून विचारायचे, “काय वाचायचं इथे?” त्यावरून आतल्या बाईंना वाचाबाई हे नाव पडलं ते कायमचंच. बाईंना नावाचं वाईट वाटत नसे. वाईट याचं वाटे, की नाव वाचाबाई, पण त्यांनी लिहिलेलं वाचत मात्र कुणी नाही.

मंगळवारी मात्र कुणीतरी वाचलं होतं, आणि तेच महागात पडायची चिन्हं होती.

ठकूचा अहवाल शाळेतून परत आला होता. सहा पानं, वर टाचलेली पिवळी चिठ्ठी. ठकू म्हणजे साडेचार वर्षांची, दोन्ही बाजूंना शेंड्या बांधलेली, गालावर खळी असलेली आणि बोलण्याच्या बाबतीत हात आखडता घेणारी पोर. तिच्याकडे तीसेक शब्द होते. त्या वयाच्या बाकीच्या पोरी आईला वकिली शिकवतात. ऐकू तिला नीट येत होतं, ते सगळ्यात आधी तपासून झालं होतं. समजतही बरंच होतं. शब्द तेवढे बाहेर येत नव्हते. का येत नव्हते, ते अजून कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं, आणि बाईंनी तसं लिहिलंही होतं. पाचव्या पानावर.

चिठ्ठीवर वर्गाच्या ताईंचं अक्षर होतं. “अहवाल वाचला. हे वाचून आम्ही नेमकं काय करायचं ते कळलं नाही. तुम्ही लिहिलंय की तिच्या बोलण्याचं वय दोन वर्षं आहे. मग तिला मोठ्या गटात ठेवण्यात काय अर्थ? शिवाय तुम्हीच लिहिलंय की ‘झालं’ हा शब्द ती काम संपल्यावर वापरते. म्हणजे अर्थ तिला माहीत आहे. तरी डबा न खाता ‘झालं’ म्हणते, आणि डबा ठेवला की आकांडतांडव करते. बाथरूमचंही ‘झालं’ असं सांगते आणि चड्डी ओली करते. खोटं बोलण्याची सवय दिसते. शुक्रवारी दहा वाजता तिला लहान गटात बसवण्याबद्दल बैठक आहे.”

“खोटं!” वाचाबाई मोठ्याने म्हणाल्या. “तीस शब्द आहेत गं पोरीकडे. त्यातले खोटं बोलायला कुठून काढेल?”

चिडल्या त्या ताईंवर, पण राग टिकेना. ताईंनी अहवालातलंच वाक्य उचलून अहवालासमोर धरलं होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. लहान गटात ठकूभोवती सगळी दोन-अडीच वर्षांची मुलं. तिच्याशी बोलणार कोण आणि ऐकायचं तिने काय? भाषा मागे पडलेल्या मुलाला बोलकी मुलं हवीत, आणि शाळा नेमकी तीच काढून घ्यायला निघाली होती. एकदा खाली बसवलं की पुन्हा वर येणं मुश्किल, हे बाईंनी दोन-चार मुलांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यांनी आईला फोन लावला. “उद्या शाळेत जाऊन बघू का मी? तुमची परवानगी हवी.”

“बघा, बघाच,” आई म्हणाली. कपडे धुण्याच्या दुकानात ती गल्ल्यापलीकडे उभी असणार, मागे यंत्रं घरघरत होती. “रोज भरलेला डबा तसाच परत येतो हो. मला वाटतं शाळाच आवडत नाही तिला.”

बुधवारी वाचाबाई वर्गाच्या कोपऱ्यात, गुडघे हनुवटीला टेकतील अशा खुर्चीवर वही घेऊन बसल्या. अठ्ठावीस मुलं, एक ताई. ताई वाईट नव्हत्या मुळीच. एका हाताने नाक पुसत होत्या, दुसऱ्याने भांडण सोडवत होत्या, आणि तोंडाने गाणं चालू होतं. अशा बाईला सहा पानं वाचायला लावणाऱ्याला खरं तर शिक्षा व्हायला हवी, असं वाचाबाईंच्या मनात आलं. शिक्षा कुणाला व्हायची ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

साडेदहाला डब्यांची सुट्टी झाली. मुलांनी डबे उघडले. ठकूने डबा दोन्ही हातांत धरला, इकडेतिकडे पाहिलं, उठून ताईंपाशी गेली आणि डबा पुढे करून स्पष्ट म्हणाली, “झालं.”

“झालं? शाबास!” ताई म्हणाल्या आणि डबा तिच्या दप्तरात ठेवून पुढच्या मुलाचा डबा उघडायला वळल्या.

ठकूचा चेहरा आधी कोरा पडला. मग तिने ताईंची ओढणी ओढली. “झालं! झालं!” मग जमिनीवर बसली, टाचा आपटल्या आणि स्वतःच्या मनगटाला कडकडून चावली.

“बघितलंत?” ताई हताश होऊन म्हणाल्या. “रोजचं आहे. सहामाहीच्या आधी असं नव्हतं, तेव्हा गुपचूप खायची.”

वाचाबाईंनी वहीत जसंच्या तसं लिहिलं. कोण काय म्हणालं, ठकूच्या हातात काय होतं, नंतर काय झालं. अर्थ लावला नाही. अर्थ लावण्याची घाई त्यांनी एकदा केली होती. अर्थात ती केव्हा केली होती, हे त्यांना अजून उमगायचं होतं.

गुरुवारी आई-बाबा ठकूला घेऊन आले. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. अंगात कामाचा निळा सदरा होता आणि खिशात टेस्टर. बाई कागद जुळवत होत्या, तेवढ्यात ठकूने आईला पाण्याची बाटली दिली. आईने बोलता बोलता झाकण फिरवलं, “झाऽलं!” म्हणाली आणि बाटली परत दिली. मग ठकूने बाबांपुढे पाय केला. बाबांनी बुटाचा पट्टा खर्रकन उघडला. “झालं!”

वाचाबाईंचे हात कागदांवरच थांबले.

“तुम्ही नेहमी असंच म्हणता?”

“कसं?” आईने विचारलं.

“काही उघडून दिलं की ‘झालं’.”

आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. “म्हणत असू,” बाबा म्हणाले. “सगळेच म्हणतात की. काम झालं की झालं.”

“तुमचं काम झालं. पण ती काय बघते? बंद वस्तू आईकडे गेली, ‘झालं’ असा आवाज आला आणि वस्तू उघडली.” बाई उठून उभ्याच राहिल्या. “तिच्या लेखी ‘झालं’ म्हणजे ‘उघड’!”

पण वाटणं वेगळं आणि असणं वेगळं. बाईंनी आधी एक पारदर्शक बरणी काढली. आत चावीचा बेडूक, झाकण घट्ट. ठकूसमोर ठेवून गप्प बसल्या आणि मनात दहापर्यंत मोजायला लागल्या. सातावर ठकूने बरणी उचलून त्यांच्या हातात दिली. “झालं.” त्यांनी झाकण काढलं. ठकूच्या गालाला खळी पडली. मग चेन लावलेली पिशवी, कड्या लावलेला डबा, खोलीचं दार. सात बंद वस्तू, सातही वेळा ‘झालं’. आता उलट बाजू. पाच खेळ शेवटापर्यंत खेळले, ठोकळे संपले, मणी संपले. खेळ संपल्यावर ठकू वस्तू हाताने दूर ढकलायची. ‘झालं’ एकदाही म्हणाली नाही.

“म्हणजे डबा...” आईचा आवाज चिरकला. “म्हणजे ती डबा उघडून मागत होती?”

“आणि बाथरूमच्या दाराची कडी वर असेल, तर ते दारही.”

बाबा खाली बसले. “नवा डबा मीच आणला,” ते म्हणाले. “सहामाहीनंतर. चार कड्यांचा. गळत नाही म्हणून. आधीचा तिला उघडता यायचा.” लिफ्टमध्ये अडकलेली माणसं रोज सोडवणारा गडी, आणि पोटची पोर चार कड्यांत अडकवून बसला होता.

आईने ठकूला मांडीवर ओढलं आणि तोंड तिच्या केसांत लपवून रडली. “दोन महिने पोर मागत होती हो. चांगल्या शब्दांत मागत होती. आणि उपाशी परत येत होती.”

वाचाबाईंना एक शंका आली. पहिल्या तपासणीचं चित्रण त्यांच्या संगणकात होतं. त्यांनी ते आई-बाबांसमोरच लावलं. साबणाच्या फुग्यांची बाटली घेऊन ठकू येते, “झालं” म्हणते. पडद्यावरच्या वाचाबाई हसून म्हणतात, “झालं? बरं, ठेवून देऊ,” आणि बाटली कपाटात ठेवतात. ठकू जमिनीवर लोळण घेते. आणि अहवालाच्या तिसऱ्या पानावर त्यांनीच टंकलेलं वाक्य: ‘आवडता खेळ स्वतःहून संपवते, नंतर संताप.’

बेडूक तेवढा टेबलावर टकटक करत होता.

“ताईंनी जे केलं तेच मी केलं,” वाचाबाई म्हणाल्या. “त्यांच्यापुढे अठ्ठावीस मुलं होती. माझ्यापुढे एकच होतं. चूक माझी आहे. मला माफ करा.”

दुपारी त्यांनी विभागप्रमुखांना सांगितलं. साहेबांनी चष्मा पुसला. “सुधारित अहवाल लिहा. पण चूक झाली असं कागदावर कशाला? आपल्याच पायावर धोंडा.”

“साहेब, शाळेने त्या चुकीच्या वाक्यावरच पोरीला खोटारडी ठरवलंय. वाक्य गुपचूप बदललं तर तिच्यावरचा ठपका तसाच राहील.”

“बैठकीत तुम्हालाच धरतील.”

“धरू देत. मी काही पळत नाही.”

साहेबांनी होकार दिला. वाचाबाईंच्या हट्टापुढे पाटीवरची अक्षरंही सरळ उभी राहतात, असं ते शिपायाला नंतर म्हणाले.

नवा अहवाल बाईंनी एकटीने लिहिला नाही. आई-बाबांना समोर बसवून लिहिला. चाचण्यांचे आकडे त्यांनी डॉक्टरांसाठी वेगळ्या कागदावर काढले. घर आणि शाळा दोघांसाठी एकच पान ठेवायचं ठरलं.

“‘अभिव्यक्ती मर्यादित असून आकलन तुलनेने समाधानकारक’,” बाईंनी वाचलं.

“हे काय?” बाबांनी खिशातला टेस्टर काढून त्याच्या टोकाने शब्द दाखवला. “लिफ्टमध्ये आम्ही पाटी लावतो. अडकलात तर लाल बटण दाबा, दार ओढू नका. घाबरलेल्या माणसालाही कळलं पाहिजे. ‘अभिव्यक्ती’ वाचेपर्यंत माणूस गुदमरेल!”

बाईंनी ती ओळ खोडली. तिथे आलं: ‘तिला बोलता येतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त समजतं. तिच्याशी तिच्या वयाच्या मुलीशी बोलावं तसंच बोला, फक्त वाक्यं छोटी ठेवा.’ खाली लिहिलं: ‘बोलण्याचं वय दोन वर्षं, हा एका चाचणीतला आकडा आहे. तो बुद्धीचा आकडा नाही आणि वर्ग ठरवण्यासाठीही नाही.’

मग ठकूचा शब्दकोश आला. डावीकडे ती काय म्हणते, उजवीकडे तिला काय म्हणायचं असतं. ‘बू’ म्हणजे पाणी. ‘तो’ म्हणजे कुणीही, बाई असो वा मांजर. ‘झालं’ म्हणजे ‘उघड’ किंवा ‘सोडव’. संपलं असेल तर ती वस्तू ढकलते.

“आणि ती ‘झालं’ म्हणाली की काय करायचं?” आईने विचारलं. “चूक आहे, असं सांगायचं?”

“नाही, मुळीच नाही. मागतेय तर द्यायचं. फक्त देताना बरोबर शब्द आपण म्हणायचा. डबा हातात घ्या, तिच्या उंचीला खाली वाका, ‘उघड’ म्हणा, मनात दहापर्यंत मोजा, मग उघडा. ती म्हणाली तर उत्तम. नाही म्हणाली तरी डबा उघडायचाच. बोल मगच देते, असं कुणीही करायचं नाही.”

“मी ‘खोल’ म्हणतो,” बाबा म्हणाले.

“विहीर आहे का ती?” आई म्हणाली. “उघड!”

“घरात, शाळेत, इथे, सगळीकडे एकच शब्द,” बाईंनी निकाल दिला. “उघड. आणि ‘झालं’ फक्त खरंच काही संपलं तरच म्हणायचं. ही सगळ्यात कठीण अट आहे, आधीच सांगते.”

“यात काय कठीण?” बाबा म्हणाले. त्यांनी ठकूची बाटली उघडली आणि म्हणाले, “झालं!” आईने कपाळावर हात मारला. त्या दिवशी पहिल्यांदा तिघं हसले.

पानाच्या तळाशी बाईंनी दोन गोष्टी लिहिल्या. एक, ‘मागच्या अहवालात ‘झालं’चा अर्थ मी चुकीचा लिहिला होता. ठकू खोटं बोलत नव्हती. चूक माझी होती.’ आणि दुसरी, एक रिकामी चौकट: ‘नवीन काय ऐकलं? तारीख घालून लिहा.’ त्यात आईने लिहायचं आणि ताईंनीही.

शुक्रवारी दहाच्या ठोक्याला मुख्याध्यापिकांच्या खोलीत सगळे जमले. शाळेत त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्या नाकासमोर बघून बोलणाऱ्या बाई होत्या. वाचाबाईंनी एकेक पान सगळ्यांच्या हातात दिलं आणि झालेला प्रकार पहिल्यापासून सांगितला.

“सगळं ठीक आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पण अठ्ठावीस मुलांत एकीसाठी वर्ग थांबवायचा का? मोठ्या गटात ठेवली तर ती बोलेल, असं लिहून द्या.”

“ते नाही लिहून देणार. कुणीच देऊ शकत नाही. लिहून देते ते एवढंच, की लहान गटात तिला बोलणारी मुलं मिळणार नाहीत. बारा आठवडे द्या. आठवड्यातून दोनदा ती माझ्याकडे येईलच. तीन गोष्टी मोजू. उघडून हवं असेल तेव्हा स्वतःहून मागते का, दोन शब्द जोडते का, आणि दुसऱ्या मुलाशी दिवसातून एकदा तरी बोलते का. बारा आठवड्यांनी पुन्हा याच टेबलाशी बसू. मग मी काही लपवणार नाही.”

“लपवत तर तुम्ही आत्ताही नाही,” मोठ्या बाईंनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. “चूक माझी होती. हे तुम्ही स्वतः लिहिलंत?”

“हो.”

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून ताईंकडे पाहिलं. ताई केव्हापासून मान खाली घालून पान वाचत होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि मान वर केली. “माझ्या नोंदवहीत मीही लिहिलंय. ‘खोटं सांगते’ असं. तीन वेळा.” मग एकदम ठाम आवाजात म्हणाल्या, “मी ते खोडते. आणि तिला माझ्याच वर्गात ठेवा, मोठ्या बाई. सहा पानं माझ्याच्याने झाली नसती. हे एक पान मला जमेल. दहापर्यंत मोजायचं तर मोजते.”

आईने टेबलाखाली बाबांचा हात इतका घट्ट धरला की बाबांनी ‘स्स’ केलं.

मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि पानाच्या कडेला लिहिलं: ‘बारा आठवडे. मोठा गट.’ मग हात झटकत म्हणाल्या, “झालं तर मग!” आणि खोलीतले चौघंही एका आवाजात ओरडले, “ते नाही म्हणायचं!”

पाच आठवडे वाचाबाईंनी वाट पाहिली. ठकू यायची, बेडकाची बरणी पुढे करायची, “झालं” म्हणायची. बाई “उघड” म्हणायच्या, थांबायच्या, उघडायच्या. ठकू फक्त ओठांकडे पाहायची. दुसऱ्या आठवड्यात काही नाही. तिसऱ्यात काही नाही. शाळेतून फोन नाही, चिठ्ठी नाही. साहेबांनी एकदा विचारलं, “काय म्हणते तुमची ठकू?” बाई म्हणाल्या, “झालं म्हणते. दम धरा.” धीर त्यांचाही सुटत होता, पण तसं कबूल करायला त्या तयार नव्हत्या.

सहाव्या आठवड्यात आईने पान आणून दिलं. “ताईंनी दिलंय. चौकट भरली की मगच बाईंना सांगू, असं आमचं ठरलं होतं.”

पान चुरगळलं होतं, घडीवर फाटायला आलं होतं, एका कोपऱ्याला तेलाचा डाग होता. म्हणजे वापरलं होतं. रिकामी चौकट भरून नोंदी समासात गेल्या होत्या, दोन वेगवेगळ्या अक्षरांत. आईचं अक्षर: ‘रविवार. बाटली देताना उघ म्हणाली. बाबा इतके ओरडले की ती घाबरली.’ खाली ताईंचं: ‘बुधवार. डबा माझ्याकडे न आणता शेजारच्या मुलाकडे नेला. तो उघड. त्याने उघडला!’ त्यापुढचं उद्गारचिन्ह कागद फाटेस्तोवर दाबलेलं होतं. ‘सोमवार. बाथरूमचं दार. ताई उघड. चड्डी कोरडी.’

वाचाबाईंनी पान खिडकीपाशी नेलं, कारण शेवटची ओळ जागा न उरल्याने अगदी बारीक लिहिली होती.

‘गुरुवार. आज खूप दिवसांनी झालं म्हणाली. मी उघड म्हणत खाली वाकले, डबा हातात घेतला. डबा उघडाच होता. रिकामा होता.’